तयारीची वर्षं कुठे लिहायची?

29 ऑगस्ट 2023 रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि तोवर जालना जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला माहीत नसलेलं हे गाव घराघरांत पोचलं. मागणी मराठा समाजासाठी शिक्षणातल्या आणि सरकारी नोकरीतल्या आरक्षणाची होती. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरोधात इथे काही मांडायचं नाही. मला बोलायचंय ते तिच्या पोटात दडलेल्या एका प्रश्नाबद्दल. मराठवाड्यात असे कितीतरी मुलगे-मुली आहेत, ज्यांनी हातातली खासगी नोकरी सोडली, पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला खोली घेतली, चार-पाच वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी केली आणि यादीत नाव आलं नाही. आता वय तिशीच्या आसपास आहे आणि पुन्हा कामाला लागायचंय. रिझ्युमे लिहायला बसलं की पेन एकाच जागी अडतं: 2019 ते 2023 या काळात आपण काय करत होतो असं लिहायचं?

नोकरीतल्या खंडाची चर्चा आपल्याकडे बहुतेक बाळंतपणानंतर परतणाऱ्या शहरी स्त्रियांपुरती होते. तो प्रश्न खराच आहे, त्याकडे पुढे येऊ. पण अंबड, घनसावंगी, गेवराई या पट्ट्यात सर्वांत जास्त दिसणारा खंड तयारीचा आहे, आणि त्याच्याबद्दल नीट लिहिलेलं जवळजवळ काहीच सापडत नाही.

हा खंड एवढा लांबतो त्याला विद्यार्थ्यांची जिद्द हे एकच कारण नाही. राज्यसेवेची 2020 सालची पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020 रोजी व्हायची होती. कोरोना आला, तारखा पुन्हा पुन्हा बदलल्या. 14 मार्च 2021 ही तारीख ठरली, तीही तीन दिवस आधी रद्द झाली, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि अखेर 21 मार्च 2021 रोजी पेपर झाला. म्हणजे एका पूर्वपरीक्षेत जवळपास एक वर्ष गेलं. दुसरीकडे 2018 साली मराठा समाजासाठी केलेल्या आरक्षण कायद्याला 9 सप्टेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि 5 मे 2021 रोजी तो रद्द केला. यात 2019च्या राज्यसेवेतून निवड झालेले चारशेहून अधिक उमेदवारसुद्धा नियुक्तीपत्राची वाट पाहत राहिले. निवड झालेल्यांची ही गत, तर बाकीच्यांनी ‘आता एकच अटेम्प्ट’ म्हणत आणखी दोन वर्षं काढली यात नवल नाही. वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागास गटाला 43 असल्याने दार लवकर बंदही होत नाही. हे सगळं सांगण्याचा हेतू असा, की मुलाखतीत खंडाचं कारण सांगताना या तारखा तुमच्या बाजूने उभ्या राहतात. त्या रडगाणं म्हणून सांगायच्या नाहीत, एका वाक्यात वस्तुस्थिती म्हणून सांगायच्या.

समोरचा एचआरवाला खंड पाहून नेमका कशाला घाबरतो? माझ्या मते तीन गोष्टींना. हा जे सांगतोय ते खरं आहे का? याचं काम गंजलं आहे का? आणि नवी जाहिरात निघाली की हा पुन्हा निघून जाईल का? तयारी करून परतणाऱ्याच्या बाबतीत तिसरी भीती सर्वांत मोठी असते, आणि नेमकं तिचंच उत्तर उमेदवार तयार करून जात नाहीत. ते पहिल्या दोन शंकांच्या खुलाशातच थकून जातात.

याविषयी झालेले अभ्यास बहुतेक परदेशातले आहेत, पण त्यातले दोन-तीन इथल्या माणसाला खरोखर उपयोगी पडतात. अमेरिकेत क्रॉफ्ट, लँग आणि नोटोविडिग्डो या अर्थतज्ज्ञांनी बनावट रिझ्युमे पाठवून पाहिलं, की बेरोजगारीचा काळ वाढेल तसा मुलाखतीचा बोलावा कमी होतो. मात्र ही घसरण पहिल्या आठ महिन्यांत तीव्र असते, पुढे फारशी वाढत नाही. म्हणजे दीड वर्षाचा खंड अडीच वर्षांचा झाला म्हणून सगळं संपलं, ही समजूत चुकीची आहे. ब्रिटनमध्ये 9,000हून अधिक अर्ज पाठवून केलेला दुसरा प्रयोग 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या नोकऱ्यांपुढे ‘अमुक साल ते अमुक साल’ लिहिण्याऐवजी ‘इतक्या वर्षांचा अनुभव’ असं लिहिलं, तर खंड दिसणाऱ्या रिझ्युमेच्या तुलनेत बोलावण्याचं प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी वाढलं. यात लपवाछपवी नाही. वाचणाऱ्याची नजर आधी अनुभवावर पडते, खंडावर नंतर. आपल्याकडे ऑनलाइन अर्जात तारखा भराव्याच लागतात, तिथे भराव्यात. पण हातात द्यायच्या किंवा मेलने पाठवायच्या रिझ्युमेच्या पहिल्या चार ओळींत वर्षांचा अनुभव असावा आणि तारखा खाली याव्यात.

आता एक उदाहरण तपशिलात घेऊ. हा कुणी एक माणूस नाही, अशा अनेकांच्या वाटचालीवरून जुळवलेला आहे. वडीगोद्रीच्या बाजूचा मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअर. वाळूजला दुचाकीचे भाग बनवणाऱ्या एका व्हेंडरकडे दोन वर्षं आठ महिने क्वालिटीत होता. मार्च 2019 मध्ये राजीनामा दिला. दोनदा राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत पोचला. 2023च्या अखेरीस गावी परतला आणि वडलांच्या मोसंबीच्या बागेत काम करू लागला. त्याला परत क्वालिटीतच जायचंय.

त्याचं पहिलं काम रिझ्युमे लिहिणं नाही, जुने कागद जागेवर आणणं हे आहे. पीएफचा यूएएन नंबर घेऊन ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडायची. अनेकांच्या बाबतीत तिथे सोडल्याची तारीख, म्हणजे डेट ऑफ एग्झिट, भरलेलीच नसते, कारण कंपनीने ती टाकली नाही. मग नोंदीत तुम्ही अजून तिथेच कामाला आहात असं दिसतं. नवी कंपनी पडताळणी करते तेव्हा ही नोंद आणि तुमचा रिझ्युमे जुळत नाही, आणि खरं बोलणारा माणूस खोटा ठरतो. कंपनीने तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य स्वतः Manage मधल्या Mark Exit मध्ये जाऊन, आधारच्या ओटीपीने ती भरू शकतो. शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली तारीख टाकायची. याच भेटीत पेन्शनच्या नोंदीही पाहाव्यात. पेन्शनची दहा वर्षं सलग असावी लागत नाहीत, आधीची सेवा पुढच्या सेवेत मिळवली जाते. मात्र पैशांची चणचण असताना फॉर्म 10सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेतली असेल, तर तेवढी सेवा गेली असं समजावं.

रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला हाती नसेल तर तो आता मागायला संकोच करू नये. कंपनी बंद झाली असेल किंवा मालक बदलला असेल, तर नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक आणि पीएफची नोंद हे मिळून पुरेसा पुरावा होतो. तयारीच्या काळाचाही पुरावा असतो: मुख्य परीक्षेचं प्रवेशपत्र, गुणपत्रक, सारथी संस्थेमार्फत प्रशिक्षण घेतलं असेल तर त्याचं पत्र. हे रिझ्युमेला जोडायचं नाही, फाइलमध्ये ठेवायचं. विचारलं तर काढून दाखवता आलं पाहिजे.

इथेच एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. खंड भरून देणारी बनावट अनुभवपत्रं विकणारे लोक आहेत, आणि अभ्यासिकेतले मित्रच त्यांचा नंबर देतात. सुरुवातीला ते पत्र चालूनही जातं. पण पडताळणीत त्या ‘नोकरी’ची पीएफची वर्गणी नाही, पगार बँकेत आलेला नाही, आयकराच्या नोंदीत काही नाही हे उघड होतं. कधी कधी ते रुजू झाल्यावर तीन महिन्यांनी कळतं. मग जातं ते एकाच कंपनीचं दार नव्हे, कारण वाळूज, शेंद्रा आणि चाकणच्या क्वालिटी विभागांतले लोक एकमेकांना ओळखतात. चार वर्षांचा खरा खंड सांभाळता येतो, सहा महिन्यांची खोटी नोकरी सांभाळता येत नाही.

दुसरं काम आपल्या क्षेत्रात मधल्या काळात काय बदललं ते शोधणं. आपल्या या इंजिनिअरने नोकरी सोडली तेव्हा एफएमईए करताना दोषाची तीव्रता, वारंवारता आणि पकडला जाण्याची शक्यता यांना एक ते दहा गुण देऊन त्यांचा गुणाकार करायची पद्धत होती. त्याला आरपीएन म्हणतात. तो बाहेर पडल्यावर तीनच महिन्यांनी, जून 2019 मध्ये, अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनांनी मिळून नवी पुस्तिका काढली. तिच्यात आरपीएन जाऊन अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आली. आता गुणाकार होत नाही, तक्त्यावरून काम हाय, मीडियम की लो हे ठरतं आणि तीव्रतेला सर्वांत जास्त वजन मिळतं. एप्रिल 2020 पासून बीएस-सहा आलं, त्यामुळे इंधन आणि धुराशी संबंधित भागांची तपासणीही बदलली. मुलाखतीत हा मुलगा म्हणाला, ‘मी होतो तेव्हा आरपीएन होतं, आता एपी आहे, मी जुन्याच भागाचा एफएमईए नव्या पद्धतीने करून आणलाय, बघा,’ तर गंजल्याची शंका तिथेच मिटते. ‘अपडेटेड आहे’ असं दहा वेळा सांगून ती मिटत नाही. अकाउंट्सवाल्याने जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसचं, लॅबवाल्याने आपल्या यंत्रांचं, नर्सने नोंदणीच्या नूतनीकरणाचं असंच एक ठोस काम करून न्यावं. डी.एड., बी.एड. झालेल्यांनी एक लक्षात ठेवावं: टीईटीचं प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांचं होतं, 2021 साली ते कायमचं करण्यात आलं आणि 2011 पासूनच्या प्रमाणपत्रांनाही तो निर्णय लागू झाला. जुनं आहे म्हणून ते बाजूला ठेवलेलं असेल तर बाहेर काढा.

आता ओळखींकडे वळू. तयारी करणाऱ्याचं वर्तुळ वर्षागणिक आक्रसत जातं. नोकरीतले मित्र दिवाळीचा मेसेज पाठवतात, उत्तर जात नाही. लग्नांना जाणं बंद होतं, कारण तिथे ‘झालं का काही?’ हा प्रश्न ठरलेला. शेवटी उरतात ती अभ्यासिकेतली मुलं. ती जिवाभावाची असतात, पण ती आपल्यासारखीच बाहेर असतात, म्हणून नोकरीची बातमी त्यांच्याकडे नसते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 सालीच हे मांडलं होतं, की कामाची खबर जवळच्यांपेक्षा दूरच्या ओळखींतून जास्त येते. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही मध्यम विरळ ओळखीच सर्वांत उपयोगी ठरल्या. आणि 2011च्या एका अभ्यासात किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या लोकांना फोन करायला लावलं, तर त्यांचा सल्ला रोजच्या संपर्कातल्यांच्या सल्ल्यापेक्षा जास्त नवा निघाला, आणि जुना विश्वासही शिल्लक होता. चार वर्षं न बोललेला सुपरवायझर ही मेलेली ओळख नसते.

अडतं ते पहिल्या मेसेजवर. माझ्या पाहण्यातले बहुतेक मेसेज दोन प्रकारचे असतात. एकात माफीच माफी, दुसऱ्यात थेट ‘सर, काही जॉब असेल तर सांगा.’ पहिला वाचून समोरचा अवघडतो. दुसऱ्याला ‘हो, कळवतो’ यापलीकडे उत्तर नसतं. त्यापेक्षा असं लिहावं:

‘सर, नमस्कार. मी 2016 ते 2019 तुमच्या हाताखाली इनकमिंग इन्स्पेक्शनला होतो. ब्रेक शूच्या रिजेक्शनवर आपण आठ दिवस रात्रपाळी केली होती, आठवत असेल. मधली वर्षं एमपीएससी केलं, दोनदा मुख्य दिली. आता ते थांबवलंय आणि पुन्हा क्वालिटीत यायचंय. नव्या एफएमईएचा सराव करतोय. तुमच्याकडे सध्या ऑडिटला काय विचारतात, एवढं दहा मिनिटं फोनवर सांगाल का? रविवारी सकाळी चालेल का?’

यात नाव कुठून आठवायचं ते आहे, खंड एका वाक्यात संपलाय, थांबवल्याचं स्पष्ट आहे, आणि मागणी अशी आहे की कुणीही हो म्हणेल. नोकरीचा विषय त्या फोनवर बहुधा समोरचाच काढतो. नाही काढला, तर शेवटी ‘अजून कुणाशी बोलू?’ एवढं विचारून एक नाव घ्यावं. बोलणं झाल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी सांगितलेलं काय केलं ते कळवावं, कारण ओळख खरी जुळते ती या दुसऱ्या मेसेजने. गावाकडच्या माणसाने आपलं तालुक्याचं वर्तुळही कमी लेखू नये. जालन्याच्या एमआयडीसीतल्या स्टीलच्या मिल आणि बियाण्यांच्या कंपन्या अजूनही बऱ्याच जागा शब्दावर भरतात. तिथे जाहिरात शोधण्यापेक्षा आयटीआयचे जुने सर, ट्रान्सपोर्टवाला भाऊबंद किंवा कृषी सेवा केंद्रवाला जास्त कामाला येतो.

मग मुलाखत. खंडाचं उत्तर अर्ध्या मिनिटाचं असावं आणि त्यात सुरुवात, शेवट आणि पुढचा रस्ता असावा. ‘2019 मध्ये राज्यसेवेसाठी नोकरी सोडली. कोरोनात परीक्षा वर्षभर पुढे गेली, तरी दोनदा मुख्य परीक्षा दिली. निवड झाली नाही. गेल्या नोव्हेंबरमध्ये ठरवून थांबलो. तेव्हापासून घरची मोसंबीची बाग बघतोय आणि क्वालिटीचा अभ्यास पुन्हा हातात घेतलाय, हे त्याचं काम.’ एवढं झालं की थांबायचं. ‘पुन्हा जाहिरात आली तर?’ हा प्रश्न येणारच. तिथे ‘नाही सर, कधीच नाही’ यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ‘ठरवून थांबलो, या वर्षीचा फॉर्म भरला नाही’ यावर ठेवतात. म्हणूनच खरोखर थांबल्याशिवाय या मुलाखतीला जाऊ नये. अर्धं मन परीक्षेत ठेवून दिलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. बागेचं काम लिहिताना ते आहे तेवढंच लिहावं. ठिबक, मजूर, हिशेब, विक्री सांभाळली असेल तर तसं सांगावं, त्याला ‘अ‍ॅग्री मॅनेजर’ असं नाव देऊ नये.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न जास्त कठीण होतो, हे मान्य करायला हवं. तयारी, लग्न आणि बाळंतपण हे तीन खंड एकात एक गुंतलेले असतात. केट वाइसहार यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगात घर-मुलांसाठी स्वतःहून थांबलेल्यांना, कामावरून कमी केलेल्यांपेक्षाही कमी बोलावणी आली, आणि हे पुरुष-स्त्री दोघांच्या बाबतीत दिसलं. मालकाला ते कामाशी बांधिलकी नसल्याचं लक्षण वाटतं. म्हणून मुलींनी आपल्या उत्तरात घराची व्यवस्था समजावून सांगत बसू नये, कधीपासून पूर्णवेळ येऊ शकते ती तारीख सांगावी. जिच्या हातात अजून नोकरी आहे तिने आधीच सावध राहावं. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, अट मागच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केल्याची. तरी अनेकजणी सातव्या महिन्यात राजीनामा देतात आणि रजा, पगार, नोंद सगळंच गमावतात. टीसीएसचा रीबिगिन, टाटा समूहाने 2008 साली सुरू केलेला दुसऱ्या करिअरचा उपक्रम, विज्ञान शाखेतल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या योजना, ही दारं आहेत. पण ती मोठ्या शहरांजवळ आहेत. अंबडच्या मुलीला त्यांचा उपयोग होतो तो घरून काम असेल तरच.

एक अडचण खास या भागातली. आंदोलनाच्या काळात अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले, काही मागे घेण्याच्या घोषणा झाल्या. आपला गुन्हा खरोखर निकाली निघाला का, हे वृत्तपत्रावरून ठरवू नका, न्यायालयाची नोंद पाहा. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये अटक किंवा खटल्याबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. 2016च्या अवतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की माहिती दडवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं. त्याच निकालात, तरुण वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ प्रकाराकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, असंही म्हटलंय. खरं लिहिल्याने नोकरी नक्की मिळेल असं नाही, पण खोटं लिहिल्यावर बचावाला जागा उरत नाही.

ज्यांना थेट नोकरी मिळत नाही त्यांनी मधला पूल म्हणून 2024च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेसारख्या संधी पाहाव्यात. तिच्यात 18 ते 35 वयाच्या उमेदवारांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि शिक्षणानुसार दरमहा 6,000 ते 10,000 रुपये ठरले होते. जागा निवडताना मात्र ग्रामपंचायतीतली टेबलाची जागा घ्यायची की आपल्या क्षेत्रातली कंपनी, याचा विचार करा. इंजिनिअरच्या रिझ्युमेवर पहिलीचं वजन फार नाही, दुसरीचं आहे.

वाळूज, शेंद्रा आणि जालन्यात आज ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळ जण याच गावांतून आलेले आहेत. चार वर्षांनी आलेल्या एखाद्या मेसेजला त्यांनी दहा मिनिटं द्यावीत. आणि ज्यांना परतायचंय त्यांनी रिझ्युमे उघडण्याआधी आपल्या पीएफ खात्यात डेट ऑफ एग्झिट भरलेली आहे का, ते आजच पाहून घ्यावं.